शिट्ट्यांखाली गेलेला ट्रॅक्टर

"काकू, एका शब्दात सांगा, किंगची एंट्री कशी वाटली?" थिएटरच्या बाहेर पायऱ्यांवर एका पोराने माझ्या तोंडासमोर माइक धरला, त्याच्या शेजारचा मोबाईलवर शूट करत होता, आणि मी आपली ट्रॅक्टरबद्दल बोलायला सुरुवात केली. म्हणजे किंगच्या, शाहरुखच्या, 'जवान'मध्ये एक शेतकरी आहे, त्याचं ट्रॅक्टरचं कर्ज थकलंय, वसुलीवाले येतात, आणि पुढे जे व्हायचं ते होतं, तर तो भाग मला नीट ऐकूच आला नाही, असं मी म्हणत होते. पोराने दोन सेकंद ऐकलं आणि म्हणाला, "नाही काकू, ते नको, एंट्री सांगा ना. आणि जरा जोरात." मी म्हटलं, छान होती. तो म्हणाला, "अजून जोरात." मग तो माझ्या मागच्या पोराकडे गेला, त्या पोराने दोन्ही हात वर करून बोंब ठोकली, आणि संध्याकाळी जो व्हिडिओ फिरला त्यात तोच होता. खाली लिहिलं होतं, नाशिकच्या पब्लिकचा निकाल.

हे डोक्यातून जाईना. अपमान वगैरे काही नाही, माझ्या वयाच्या बाईचं एंट्रीबद्दलचं मत कोणाला हवंय. पण निकाल या शब्दाने मी अडकले. अडीचशे लोकांमध्ये मी बसले होते आणि त्या अडीचशेपैकी कोणालाच पिक्चर धड ऐकू आलेला नव्हता, हे मी शपथेवर सांगते, मग निकाल लागला तो कशाचा?

दिवस होता ७ सप्टेंबर २०२३, गोपाळकाल्याचा. 'जवान' लागला होता. माझा भाचा ओंकार शाहरुखच्या फॅन ग्रुपमध्ये आहे, म्हणजे नुसता आहे नाही, नाशिकचा कारभार बघणाऱ्या चार-पाच पोरांतला एक. त्याने मला जवळजवळ उचलूनच नेलं, "आत्या, तू आयुष्यात एकदा तरी एफडीएफएस बघायलाच पाहिजे." फर्स्ट डे फर्स्ट शो. बाहेर नाशिक ढोल. आपला ढोल मुंबई-गोव्यापर्यंत भाड्याने जातो तो इथे घरच्या घरी, सकाळी सकाळी, आणि ढोल वाजवणारी पोरं तीच जी दुपारी कुठल्यातरी मंडळाच्या हंडीला जाणार होती. बॅनरला हार, बॅनरसमोर केक, केकवर फटफट करणाऱ्या त्या चमचमत्या नळ्या. एकाने डोक्याला आणि अर्ध्या चेहऱ्याला बँडेज गुंडाळलेलं, कारण पोस्टरवर हिरोला तसं होतं. त्याला श्वास घेता येत नव्हता पण तो खूश होता. मला खरं सांगायचं तर मजा आली. ढोल छातीत वाजतो तेव्हा आपण कोणाचे फॅन आहोत हा प्रश्न उरतच नाही. मीही नाचले थोडी, तो व्हिडिओ कृपया कोणी शोधू नये.

आत मात्र वेगळंच काहीतरी सुरू होतं.

हा प्रकार जुळतो कसा ते मी नंतर ओंकारला बसवून विचारलं, कारण मी पतसंस्थेत कर्ज विभागात नोकरी करते आणि मला आकडे दाखवल्याशिवाय काही पटत नाही. तर असं आहे. देशपातळीवरचा एक मोठा फॅन क्लब असतो, त्याच्याखाली शहरा-शहरातले ग्रुप. त्याच वर्षी जानेवारीत 'पठाण'च्या वेळी एसआरके युनिव्हर्स नावाच्या क्लबने दोनशेहून जास्त शहरांत पहिल्या दिवसाचे शो घेऊन पन्नास हजार फॅन्स नेऊ असं जाहीर केलं होतं, हे आपल्याला पेपरात वाचून माहीत आहे. पण प्रत्यक्षात ते पन्नास हजार म्हणजे ओंकारसारखी पोरं, हातात वही किंवा एक्सेल. पिक्चर लागायच्या बऱ्याच आधी व्हॉट्सअ‍ॅपवर फॉर्म फिरतो, कोण कोण येणार. मग थिएटरच्या मॅनेजरला गाठायचं. अख्खा स्क्रीन हवा, सकाळचा पहिला खेळ. मॅनेजर लगेच हो म्हणत नाही, कारण वितरकाकडून दर आणि शोच्या वेळा शेवटपर्यंत नक्की होत नाहीत. नक्की झाल्या की सगळे पैसे आगाऊ भरायचे, आणि मग पोरं एकेकाकडून यूपीआयवर वसुली करत बसतात. "तुमच्यापेक्षा अवघड आहे आत्या आमची वसुली," ओंकार म्हणाला. विश्वास बसला. फॉर्म भरणाऱ्यातले बरेच ऐन वेळी म्हणतात ऑफिस आहे, मग ती तिकिटं आतेभावाला, शेजाऱ्याला, आत्याला. म्हणजे मला. माझं तिकीट सन्मानाचं नव्हतं तर बुडीत खात्यातलं होतं हे असं कळलं.

आता याच्यातून पुढे काय होतं बघा. सोपा हिशोब धरू. अडीचशे खुर्च्या, तिकीट २३६ रुपये. शंभराच्या वरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी, म्हणजे २०० मूळ आणि ३६ कराचे. शोचा ग्रॉस झाला ५९ हजार, नेट झाला ५० हजार. मल्टिप्लेक्समध्ये हिंदी पिक्चरच्या पहिल्या आठवड्यात नेटचे साधारण निम्मे वितरकाकडे जातात, दुसऱ्या आठवड्यात साडेबेचाळीस टक्के, तिसऱ्यात साडेसदतीस, नंतर तीस. म्हणजे आमच्या शोचे २५ हजार वितरकाच्या खिशात, तेच अडीचशे लोक चौथ्या आठवड्यात गेले असते तर १५ हजार. कळलं ना, पहिल्या दिवसाची एवढी घाई का असते? पोरांना वाटतं आपण किंगसाठी धावतोय, आणि ते धावतातही मनापासून, पण त्या धावण्याला वरून उतार करून दिलेला असतो.

आणि मग आकड्यांची भांडणं. दोन स्टारचे फॅन भांडतात तेव्हा एक जण आपल्या पिक्चरचा जगभराचा ग्रॉस सांगतो आणि समोरच्याचा फक्त देशातला नेट, दोघांनाही हे माहीत असतं आणि दोघंही तेच करतात. माझ्याकडे कर्जदार येतात ते उत्पन्न दाखवताना एकूण उलाढाल सांगतात आणि हप्ता विचारला की निव्वळ नफा सांगतात, त्यामुळे मला हे सगळं घरच्यासारखं वाटलं. ओंकारला मी म्हटलं की तुमच्या अडीचशे खुर्च्यांवरून काहीच कळत नाही, त्या भरणारच होत्या, पिक्चर कसाही असता तरी. पैसे आधी भरलेत, बघणं नंतर. काही कळायचं असेल तर रविवारी, सोमवारी बघ, दुपारचा शो बघ, जिथे ढोल नसतो. तो चिडला, पण सांगायला पाहिजे की त्याचा पिक्चर या परीक्षेत पास झाला. गुरुवारी लागला, शुक्रवारी बराच खाली आला, आणि रविवारी पहिल्या दिवसाच्याही वर गेला. फॅन सगळे गुरुवारीच येऊन गेले होते, त्यामुळे रविवारी वर नेणारे बाकीचे लोक होते, सहकुटुंब, मुलं बरोबर, नाचोज घेऊन बसणारे.

उलटंही होतं. अ‍ॅपवर हाऊसफुल्लची लाल खूण आणि आत जाऊन बघावं तर अर्ध्या खुर्च्या मोकळ्या, कारण कुठल्यातरी कंपनीने, कुठल्यातरी हितचिंतकाने ओळीच्या ओळी आगाऊ उचललेल्या. अशी चर्चा आता दर मोठ्या पिक्चरबद्दल होते आणि बाहेरून सिद्ध करता येत नाही. पण बुकिंगच्या नकाशावर ओळखायची एक साधी खूण ओंकारनेच मला दाखवली. माणसं तिकिटं काढतात तेव्हा आधी मागच्या मधल्या खुर्च्या जातात, मग कडेच्या, पुढच्या रांगा शेवटी, आणि मध्ये एक-एक भोकं राहतात कारण कोणालाच एकटं बसायचं नसतं. उचललेला शो असला की सरळ अख्ख्या रांगा गेलेल्या, एक भोक नाही. "आमचाही शो असाच दिसतो," तो म्हणाला. मग मी गप्प बसले, कारण हे त्याने स्वतःहून सांगितलं होतं.

बरं, आत काय झालं ते राहिलंच.

शाहरुखच्या या पिक्चरमध्ये एंट्री एक नाही. सुरुवातीला बँडेजमधली, मग मेट्रोतली टकलू, मग आणखी रूप, आणखी रूप. दर थोड्या वेळाने तो नव्याने येतो. आणि प्रत्येक वेळी चालत येताना कोणी काही बोलत नाही, फक्त चाल स्लो आणि संगीत मोठं. मला हे तेव्हा कळलं नाही, पण नंतर दोन नोव्हेंबरला, त्याच्या वाढदिवशी, थोडा वाढवलेला पिक्चर नेटफ्लिक्सवर आला तेव्हा घरी बघताना कळलं. घरात ती चाल फार लांब वाटते. तो चालतोय, चालतोय, आपण भाजी निवडतोय, तो अजून चालतोय. ती जागा शिट्टीसाठी मोकळी सोडलेली आहे! तिथे संवाद टाकून उपयोग नाही हे बनवणाऱ्याला माहीत आहे, कारण पहिल्या दिवशी तो कोणालाच ऐकू येणार नाही. म्हणजे प्रेक्षकांचा आवाज आधीच संहितेत लिहिलेला. आपल्याकडे तमाशात लावणीच्या मध्ये दौलतजादा व्हायचा, तेव्हा खेळ थांबायचा, कलावंत थांबून घ्यायचे, तसा हा थांबा. फक्त तमाशात समोरून किती दौलतजादा येतोय ते बघून थांबता यायचं, इथे थांबा कायमचा कापून जोडून टाकलाय, शिट्टी आली तर आली.

पण शिट्टी थांब्यावर थांबत नाही ना. ती पुढे सांडते. मेट्रोतल्या एंट्रीनंतर थोड्याच वेळात तो शेतकऱ्याचा भाग येतो. चाळीस हजार बाकी असलेल्या ट्रॅक्टरच्या कर्जासाठी त्या माणसाला काय भोगावं लागतं, आणि दुसरीकडे एका उद्योगपतीचे चाळीस हजार कोटी माफ. हे बटबटीत आहे, हिंदी पिक्चर आहे, पण माझं रोजचं टेबल हेच आहे. माझ्यासमोर निफाडचे, दिंडोरीचे लोक येऊन बसतात, कांद्याचा भाव पडला की त्यांचे चेहरे मला फाईल न उघडता कळतात, आणि नोटिसांवर सही माझीही असते. मला तो भाग ऐकायचा होता. माझ्या मागची रांग उभी राहून अजून आधीच्या एंट्रीवर नाचत होती, पुढची रांग मोबाईल वर धरून पडदा शूट करत होती, आणि मला त्या शेतकऱ्याचं फक्त तोंड हलताना दिसत होतं. एकच पोरगा खाली बसला. ओंकारच्याच ग्रुपमधला, दिंडोरीकडचा, अंगात किंगचा टी-शर्ट. तो बसला आणि उठलाच नाही बराच वेळ. त्याच्या घरी काय आहे मला माहीत नव्हतं तेव्हा.

मोबाईलचं एक सांगते. पडद्याचं शूटिंग करणं गुन्हा आहे, आता २०२३ च्या दुरुस्तीने तर तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि कमीत कमी तीन लाख दंड. आणि त्याच क्लिपा पहिल्या दिवशी दुपारपर्यंत गावभर फिरतात, त्यातल्या शिट्ट्या ऐकून लोक संध्याकाळची तिकिटं काढतात. निर्मात्यांची माणसं क्लिपा उतरवत बसतात, पण थिएटर कसं पेटलंय बघा म्हणून मिरवणाऱ्याही त्याच क्लिपा. कोणाला नक्की काय हवंय हे मला शेवटपर्यंत समजलं नाही.

पेटलंय हा शब्द आपल्या जिल्ह्यात जपून वापरायला हवा. त्याच वर्षी दिवाळीत, १२ नोव्हेंबरला, सलमानचा 'टायगर ३' लागला आणि मालेगावच्या एका थिएटरमध्ये पोरांनी चालू शोमध्ये फटाके फोडले. बाहेर नाही, आत. खुर्च्यांच्या मधून रॉकेटं उडतायत आणि लोक वाकून पळतायत असा तो व्हिडिओ देशभर गेला. पोलिसांनी गुन्हा नोंदवला, आणि खुद्द सलमानने लिहिलं की हे धोकादायक आहे, स्वतःला आणि दुसऱ्याला धोक्यात न घालता पिक्चर बघा. त्याच्यासाठीही नवीन नव्हतं ते, २०२१ मध्ये 'अंतिम'च्या वेळीही त्याने हात जोडले होते, फटाके आत नेऊ देऊ नका असं थिएटरवाल्यांना सांगितलं होतं, आणि पोस्टरवर दूध ओतणाऱ्यांना सांगितलं होतं की ते दूध गरीब पोरांना द्या. देवाने सांगून भक्त ऐकत नाहीत. खुर्चीचा फोम जळायला लागला की ज्वाळेपेक्षा धूर आधी मारतो. दिल्लीच्या उपहार थिएटरमध्ये १९९७ साली ५९ माणसं गेली ती बहुतेक गुदमरून, बाल्कनीतून बाहेर पडायचा रस्ता सापडला नाही म्हणून. आणि आग नसली तरी गर्दी पुरते. डिसेंबर २०२४ मध्ये हैदराबादला 'पुष्पा २'च्या आदल्या रात्रीच्या शोला हिरो स्वतः आला आणि चेंगराचेंगरीत एक बाई गेली, मुलाला घेऊन पिक्चर बघायला आलेली.

मालेगावबद्दल मात्र नाशिकमध्ये जे नाक मुरडून बोललं जातं ते मला आवडत नाही. मालेगाव यंत्रमागाचं गाव, माग शुक्रवारी बंद असतात, आणि पिक्चर शुक्रवारी लागतो. आठवडाभर त्या खडखडाटात उभं राहिलेला माणूस सुट्टीच्या दिवशी शांत बसून आस्वाद घेईल ही अपेक्षा कोणी आणि का करावी? ज्या गावात पोरांनी स्वतःच्या हिमतीवर 'मालेगाव के शोले' काढला तिथे पिक्चर म्हणजे काय ते आपल्याला कॉलेज रोडवर बसून कळणार नाही. फटाका आत नको, एवढंच. बाकी आवाज त्यांचा हक्काचा आहे, असं मला वाटतं, आणि लगेच पुढच्या वाक्याला वाटतं की मग माझ्या ट्रॅक्टरचं काय.

आमच्याकडे तर याची सुरुवातच देवापासून झाली. फाळके त्र्यंबकेश्वरचे, त्यांची कंपनी इथे नाशिकची, आणि १९१७ च्या त्यांच्या 'लंकादहन'ला पडद्यावर राम आला की लोक चपला काढायचे असं सांगतात. राम आणि सीता दोन्ही एकाच अण्णा साळुंकेने केलेले, तरी चपला निघायच्याच. माझी आई १९७५ मध्ये 'जय संतोषी माँ'ला गेली होती ते ती अजून सांगते, बायका आरतीचं ताट घेऊन आलेल्या, पडद्यावर पैसे फेकलेले, चपला बाहेर. आईला कथा विचारली तर पूर्ण सांगता येते, उपासासकट. म्हणजे भक्तीने ऐकू यायचं बंद होतं असं नाही म्हणता येत. आरती झाली की त्या बायका खाली बसत होत्या, एवढा फरक असेल कदाचित. ('सैराट'लाही पैसे उधळले, झिंगाटला अख्खं थिएटर उभं, आणि शेवटच्या मिनिटांना तेच थिएटर चिडीचूप. तिथे संगीतच काढून घेतलं होतं, नाचणार कशावर.) आता नाणी फेकायला मॅनेजर फार घाबरतात, आणि त्यांचं बरोबर आहे. पडदा म्हणजे भिंत नसते, बारीक भोकांचं ताणलेलं प्लास्टिकचं कापड असतं, आवाज यावा म्हणून स्पीकर त्याच्या मागे असतात. एक नाणं जोरात लागलं की खळी पडते, ती बुजवता येत नाही, आणि पुढे लागणाऱ्या प्रत्येक हिरॉइनच्या गालावर ती दिसते.

थिअरीचा ताप वेगळा. हा मला सगळ्यात जास्त नवीन होता. जुलैमध्ये त्या पिक्चरचा प्रीव्ह्यू आला तेव्हापासून ओंकारच्या ग्रुपवर एकेक फ्रेम थांबवून चर्चा. टकलू तो बाप की मुलगा, डबल रोल की एकच माणूस, आणि सगळ्यात मोठं म्हणजे तमिळचा विजय येणार का? दिग्दर्शक अ‍ॅटली, त्याने विजयबरोबर आधी तीन पिक्चर केलेले, म्हणून विजय येणारच. यावर रात्र-रात्र. प्रत्यक्षात विजय त्यात नाहीच, संजय दत्त आहे. पण आमच्या शोमध्ये अंधारातून कोणाचीही पाठ दिसली की मागून कोणीतरी ओरडायचं, विजय! एकदा तर तो साधा पोलीस निघाला. पिक्चर जे दाखवत होता ते सोडून हे लोक जे दाखवणार नव्हता ते शोधत होते. बाहेर आल्यावर दोघं-तिघं खरंच नाराज होते. जे कोणी कबूलच केलं नव्हतं ते मिळालं नाही म्हणून.

असंच २०२५ च्या ऑगस्टमध्ये 'कुली'चं झालं. रजनीच्या पोस्टरवर घड्याळं होती, त्यावरून लोकांनी टाइम ट्रॅव्हल काढलं, लोकेश कनगराजच्या आधीच्या पिक्चरांशी धागा जोडला, आणि पिक्चर लागल्यावर टाइम ट्रॅव्हल नाही म्हणून नाकं मुरडली. दिग्दर्शकाला नंतर सांगावं लागलं की मी हे कधी म्हटलंच नव्हतं. पण त्यालाही पूर्ण सोडायला नको, कारण महिनोन् महिने त्या चर्चेने पिक्चर फुकट जिवंत राहतो आणि तेव्हा कोणी पुढे येऊन स्पष्ट सांगत नाही. कटप्पाच्या प्रश्नावर २०१५ पासून २०१७ पर्यंत अख्खा देश टांगून ठेवला होता की नाही? तिथे निदान प्रश्न पिक्चरनेच विचारला होता आणि उत्तरही दिलं.

एक थिअरी मात्र पिक्चरपेक्षा मोठी झाली. मुलाला हात लावायच्या आधी बापाशी बोल, अशा अर्थाचा जो संवाद ट्रेलरमध्ये होता, त्यावर सगळ्यांनी आपापसात ठरवून टाकलं की हा शाहरुखच्या घरचा हिशोब आहे, त्याच्या मुलाला २०२१ मध्ये अटक झाली होती त्याचा. आमच्या थिएटरमध्ये त्या वाक्याला जो आवाज उठला तो मी कधी ऐकला नव्हता, छताचे पत्रे असते तर उडाले असते. आणि मी सुद्धा ओरडले, कारण कुठल्याही आईबापाच्या आत ते वाक्य असतंच. संवाद लिहिणाऱ्याने नंतर सांगितलं की ती ओळ मूळ संहितेत नव्हती, सेटवर ऐन वेळी सुचली. आता त्याने काय फरक पडतो म्हणा. वाक्य पडद्यावरच्या माणसाने बोललं आणि लोकांनी पडद्याबाहेरच्या माणसाकडून ऐकलं, आणि पिक्चर चालायला त्याची मदत झाली असणार हे मला नाकारता येत नाही.

तामिळनाडूत तर पहिला शो कुठे लागतो यावरून निकाल बदलायची भानगड झाली. २०२३ च्या जानेवारीत चेन्नईत पहाटेच्या शोच्या वेळी एक फॅन लॉरीवर नाचताना पडून गेला, आणि मग ते पहाटेचे शो बंद पडले. ऑक्टोबरमध्ये विजयचा 'लिओ' आला तेव्हा तिथे पहिला खेळ सकाळी नऊचा, शेजारच्या केरळात पहाटे चारचा. म्हणजे विजयच्या स्वतःच्या राज्यातला फॅन दात घासत असताना केरळातून निकाल आलेला, सेकंड हाफ कसा आहे, कोण मरतं, कोणाचा फोन येतो. काही पोरं आदल्या रात्री सीमा ओलांडून पलीकडे गेली बघायला. मी ओंकारला विचारलं, तू गेला असतास का? तो म्हणाला, "आत्या, पहिल्यांदा बघणं आणि पहिल्यांदा कळणं यात फरक आहे. दुसऱ्याकडून कळलं की मग आपण फक्त खात्री करायला जातो." हे त्याने बरोबर सांगितलं. मी थोडी वरमले, कारण तोपर्यंत मी या पोरांना नुसतं आवाज करणारी समजत होते.

नेटफ्लिक्सवर आला तेव्हा ओंकार आणि तो दिंडोरीचा पोरगा आमच्याकडे जेवायला होते. ट्रॅक्टरचा भाग आला, आवाज स्पष्ट, पंखा बंद. ओंकार म्हणाला, "हे एवढं मोठं होतं?" त्याने थिएटरमध्ये तो पिक्चर पुन्हा पुन्हा बघितलेला होता, पण दरवेळी ग्रुपबरोबर. दुसरा पोरगा म्हणाला की त्याने सोमवारी एकट्याने जाऊन बघितला होता, ग्रुपवर सांगितलं नाही. मग हळूहळू कळलं की त्याच्या वडिलांचंही ट्रॅक्टरचं आहे, आमच्याकडचं नाही, दुसरीकडचं, दोन हप्ते थकलेत. मी माझ्या सवयीने विचारलं, कागदपत्रं आहेत का घरी? तो हसला. म्हणाला वडिलांना मोबाईलवर दाखवला हा पिक्चर, पूर्ण.

मग काय म्हणाले वडील, मी विचारलं. किंगबद्दल काहीच नाही म्हणाले. म्हणाले, चाळीस हजारच बाकी होते ना, मग त्याने मॅनेजरला भेटून तडजोड का नाही मागितली, व्याज माफ करून एकरकमी भरतो म्हणायचं, एवढं तर आपल्या गावात कोणालाही माहीत आहे.

ओंकारने विचारलं, टाकू का हा रिव्ह्यू ग्रुपवर. पोरगा म्हणाला नाव नको. टाकला. दोन अंगठे आले, त्यातला एक माझा.